बाबांची पहाटेची झोप

आमच्या गल्लीत बाबांना सगळे 'भट्टीशेठ' म्हणत. शेठपणाचं त्यांच्यात काहीच नव्हतं. पिठानं पांढरा पडलेला बनियन, गुडघ्यापर्यंत येणारा एप्रन आणि भुवयांवर बारा महिने मैद्याची साय. भट्टी मात्र खरी होती. खाली पुढच्या बाजूला दुकान, मागे भट्टी, आणि वरच्या दोन खोल्यांमध्ये आम्ही. हिवाळ्यात आमच्या घराची फरशी कोमट असायची, त्यामुळे शेजारपाजारच्या बायका काही ना काही निमित्त काढून आमच्याकडे येऊन बसायच्या.

आमच्या घरात रात्र दोन वेगवेगळ्या वेळी व्हायची. बाबांची आधी, आमची नंतर. रस्त्यावरचे दिवे लागायच्या सुमारास बाबा ताट सरकवून उठायचे आणि अंथरुणावर पडायचे. गल्लीची झोप ऐन रंगात यायची तेव्हा ते उठून जिना उतरत असायचे. सकाळचा ब्रेड पहाटेच भट्टीतून निघाला पाहिजे, त्यात सुट्टी नाही. उजाडेपर्यंत झोपणं म्हणजे काय, हे त्यांना लग्नाच्या आधीपासून माहीत नव्हतं.

त्यांच्याइतका मऊ माणूस मी पाहिलेला नाही. आम्हाला मारणं सोडाच, रागवायचे तेही पिठाला. "अगं बाई, फुगायचं तर फुग, नाहीतर तसं सांग," असं परातीतल्या गोळ्याला म्हणायचे. उधारी बुडवणारा रस्त्यात दिसला, तर स्वतःच ओशाळून दुसरीकडे बघायचे. आई चिडायची. "अहो, तुम्ही चोरी केलीय का? मान खाली का घालताय?" बाबा म्हणायचे, "त्याला अवघडल्यासारखं होतं गं."

मग त्यांच्या पाठीनं दगा दिला. पोती उचलून उचलून मणके झिजले होते. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं आणि भट्टी माझ्याकडे आली. मी आधीपासून दुकान सांभाळत होते, त्यामुळे घरात फार चर्चा झाली नाही. भट्टीवर काम करणारा आमचा जुना माणूस, ज्याला आम्ही लांबू म्हणतो, तो फक्त एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही रागवाल तेव्हा मला रागवा. पिठाला रागवायची पद्धत आता बंद."

आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपायला लागले.

आईला काय आनंद झाला होता! सकाळी डोळे उघडल्यावर नवरा शेजारी दिसणं ही तिला नवलाईच होती. मी भट्टीवरून वर यायचे तेव्हा ती कौतुकानं सांगायची, "अजून झोपलेत. घोरतायत बघ कसे." पण काही आठवड्यांतच तिचं सांगणं बदललं. झोपेत बोलतात म्हणाली. मग म्हणाली, ओरडतात. मग एकदा चहा गाळता गाळता हसत म्हणाली, "काल पहाटे मला लाथ बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कसला हिशेब चुकता केला कोण जाणे."

आम्ही सगळेच हसलो. बाबाही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

खरं सांगायचं तर झोपेतलं ओरडणं आमच्या घराला नवीन नव्हतं. लहानपणी मीच ओरडायचे. झोप लागून तासभर होत नाही तोच मी ताडकन उठून बसायचे, डोळे सताड उघडे, आणि किंचाळायचे. आईला ओळखायचे नाही. तिनं जवळ घेतलं तर तिलाच ढकलायचे. थोड्या वेळानं आपोआप आडवी होऊन गाढ झोपून जायचे आणि सकाळी मला त्यातलं काही, अगदी काही आठवायचं नाही. मोठी झाले तसं ते आपोआप थांबलं. त्यामुळे बाबांचं सुरू झालं तेव्हा आईनं निदान करून टाकलं. "तुझंच आलंय त्यांच्याकडे. उलट्या दिशेनं."

मग तो दिवस आला. मी खाली ट्रे लावत होते. बाहेर फटफटत होतं. वरून आईची किंकाळी आली आणि पाठोपाठ काहीतरी पडल्याचा आवाज. मी पिठाच्या हातांनीच जिना चढले. आई पलंगाच्या कडेला जमिनीवर बसली होती. तिची भुवई फाटली होती आणि रक्त बोटांमधून मनगटावर येत होतं. बाबा पलंगावर गुडघे टेकून बसले होते. मूठ अजून वळलेलीच होती. पण ते पूर्ण जागे होते. आम्हाला ओळखत होते.

"कुत्रा होता," ते म्हणाले. "भलामोठा कुत्रा. भट्टीत शिरला होता. तुझ्या आईच्या हाताला धरणार होता गं. मी त्याला..." मग त्यांची नजर आईच्या चेहऱ्यावर गेली.

दवाखान्यात टाके घालायला नेलं. तिथली सिस्टर वयानं मोठी, कडक आवाजाची होती. तिनं आधी बाबांना पडद्याबाहेर पाठवलं आणि मग आईला हळू आवाजात विचारलं, "घरी मारहाण होते का?"

आई म्हणाली, "अहो नाही हो. झोपेत लागलं त्यांच्या हातून."

"सगळ्या असंच म्हणतात," सिस्टर म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं विचारायलाच हवं होतं. पण पडदा कापडाचा होता आणि बाबा पलीकडेच उभे होते. मी बाहेर आले तेव्हा ते भिंतीवरची पाटी वाचत असल्यासारखे उभे होते. पाटीवर नुसता बाण होता.

त्या दिवसापासून बाबा झोपेला घाबरायला लागले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी माझं लहानपणीचं ऐकलं आणि म्हणाले, झोपेत चालण्यातलाच प्रकार दिसतोय, काम सुटल्याचा ताण असेल, उठवू नका, जपून राहा. जपून म्हणजे काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. बाबा भट्टीमागच्या मैद्याच्या कोठीत चटई टाकून झोपायचं म्हणाले. आईनं साफ नकार दिला. "तुम्ही खाली गेलात तर मीही खाली येईन. पोत्यांमध्ये झोपायचं माझं वय नाही, आधीच सांगते." शेवटी बाबा वरच राहिले, पण 'मी काहीतरी करेन' असा शब्द देऊन बसले.

त्यांनी काय केलं ते आम्हाला एका सकाळी कळलं. एप्रनच्या नाडीनं त्यांनी स्वतःचं मनगट पलंगाच्या पायाला बांधलं होतं. आई झोपल्यावर बांधायचे आणि ती उठायच्या आत सोडायचे. त्या सकाळी मात्र गाठ सुटेना. झोपेत हिसके देऊन देऊन ती आवळली होती, हात सुजून निळा पडला होता. मी कात्रीनं नाडी कापत होते तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईला सांगू नकोस." आई दारातच उभी होती.

टाके काढायला गेलो तेव्हा तीच सिस्टर होती. आईनं तिला नाडीची गोष्ट सांगितली. तक्रार म्हणून नाही. कोणाला तरी सांगायला हवं होतं म्हणून. सिस्टरचे हात थांबले.

"त्यांना स्वप्न आठवतं?"

"आठवतं म्हणजे काय! कुत्र्याचा रंगसुद्धा सांगतात."

"आणि हे होतं कधी? झोप लागल्या लागल्या की पहाटेकडे?"

"पहाटेच. नेहमी पहाटेच."

सिस्टरनं कापूस खाली ठेवला आणि आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले आणि मोठ्या रुग्णालयातल्या झोपेच्या विभागाचा पत्ता लिहून दिला. निघताना सिस्टर बाबांजवळ आली. "त्या दिवशी तुम्हाला बाहेर उभं केलं," एवढंच म्हणाली. बाबा घाईघाईनं म्हणाले, "नाही नाही, बरोबरच केलंत."

झोपेची तपासणी म्हणजे रात्रभर तिथेच झोपायचं. खोली लॉजसारखी होती. एक पलंग, एक खुर्ची, जाड पडदे आणि छताच्या कोपऱ्यात कॅमेरा. तारा लावणारी तंत्रज्ञ मुलगी माझ्याच वयाची होती. तिनं बाबांच्या डोक्यावर जागोजागी चिकट लेप लावून तारा बसवल्या. डोळ्यांच्या कडांना दोन, हनुवटीखाली काही, पायांवर, हातांवर. छातीला आणि पोटाला पट्टे. बोटाला चिमटा.

"काका, कसं वाटतंय?"

"रेडिओसारखं," बाबा म्हणाले. "आता यात गाणी लागली म्हणजे झालं."

त्यांनी खिशातून नाडी काढली. दुसरी, नवी. "ताई, हात बांधू का? तुम्ही आत आलात आणि तुम्हाला लागलं तर..."

तिनं ती नाडी त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. "इथे नाही बांधायचं, काका. इथे जे होतं ते होऊ द्यायचं. तेच तर बघायचंय." पलंगाच्या दोन्ही बाजूंना जाड गाद्या रचून ती मला बाहेर घेऊन आली. मी घरी आले आणि भट्टी पेटवली. त्या रात्रीचा ब्रेड बिघडला, ते मला लांबूनं सांगितल्यावर कळलं.

सकाळी आई आणि मी दोघी गेलो. बाबांच्या केसांत लेप सुकला होता आणि चेहरा परीक्षा देऊन आलेल्या मुलासारखा होता. "काही झालं का?" ते तंत्रज्ञ मुलीला विचारत होते. अर्धं मन झालं असावं असं म्हणत होतं, अर्धं नसावं असं.

"बघायचंय का तुम्हाला?" तिनं विचारलं. आजाराचं निदान डॉक्टर सांगतील, पण झोप कशी दिसते ते मी दाखवू शकते, असं म्हणून तिनं आम्हाला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एकाखाली एक कितीतरी रेषा धावत होत्या.

सुरुवातीला तिनं डोक्यावरच्या तारांच्या रेषा दाखवल्या. जागेपणी बारीक, दाट, गिचमिड. मग डुलकी लागली तशा त्या सैल झाल्या. "ही कच्ची झोप. कोणी हाक मारली तर माणूस म्हणतो, मी झोपलोच नव्हतो." आईनं बाबांकडे बघितलं. "रोज हेच म्हणतात." मग थोडी पक्की झोप. तिच्यात मधूनच बारीक लाटांचा एक झुबका यायचा आणि विरायचा. आणि त्यापुढे रेषा बदलल्याच. मोठ्या, उंच, संथ लाटा, एकामागून एक.

"ही गाढ झोप. मेंदूतल्या असंख्य पेशी इथे एकाच तालात चालतात, सगळ्या एकदम चालू, सगळ्या एकदम गप्प, म्हणून लाट एवढी मोठी दिसते. श्वास संथ, नाडी संथ. शरीराची डागडुजी बरीचशी इथे होते. यातून माणसाला उठवणं सगळ्यात अवघड, आणि उठवलं तर भांबावतो. ही झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात असते. लहान मुलांना भरपूर, वय वाढेल तशी कमी. काकांची बघा, थोडीशीच आहे."

मी माझं लहानपणीचं विचारलं. ती म्हणाली, "ते इथलं. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट वर येतो. अंग उठून बसतं, डोळे उघडतात, पण आतली झोप तशीच. म्हणून समोरची आई ओळखू येत नाही आणि सकाळी काही आठवत नाही. काकांचं तसं नाही. त्यांचं इकडे आहे."

तिनं रात्र पुढे ढकलली. संथ लाटा गेल्या. रेषा पुन्हा बारीक आणि दाट झाल्या, जवळजवळ जागेपणीसारख्या. डोळ्यांजवळच्या दोन रेषा मात्र उसळ्या घेत होत्या. "ही स्वप्नांची झोप. साधारण दीड तासानं एक फेरी पूर्ण होते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ही येते. पहिल्यांदा थोडा वेळ, आणि पहाटेकडे जास्त जास्त वेळ. मेंदू इथे जवळजवळ जागा असतो. बघतो, पळतो, भांडतो. डोळे बंद पापण्यांखाली फिरतात. आणि म्हणूनच शरीरानं एक सोय केलेली असते. मेंदूच्या खालच्या देठातून मणक्यात निरोप जातो की हातापायांनो, ढिले पडा. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे सुटे, बाकी सगळं कुलूपबंद. स्वप्नात तुम्ही जिवाच्या आकांतानं पळता, पण पलंगावर पाय जागचा हलत नाही."

"म्हणजे गाढ झोपेत शरीर सुटं आणि मन बुडालेलं," मी म्हणाले. "आणि इथे मन सुटं आणि शरीर बांधलेलं."

"साधारण तसंच. आता ही हनुवटीची रेषा बघा. स्वप्नाच्या झोपेत ही सरळ सपाट हवी."

ती सपाट नव्हती. काटेरी कुंपणासारखी होती.

"कुलूप लागत नाहीये," बाबा म्हणाले.

"हो, काका."

मग तिनं विचारलं, व्हिडिओ बघायचाय का, नाही बघितला तरी चालेल. आई नको म्हणाली. बाबा हो म्हणाले. आधी पडद्यावर ते शांत झोपलेले दिसले. मग त्यांचे दोन्ही हात पांघरुणातून वर आले आणि हवेत काहीतरी करू लागले. दाबायचं, दुमडायचं, वळवायचं, पुन्हा दाबायचं. आम्हाला तिघांनाही एकदम कळलं. ते पीठ मळत होते. आईला हसू फुटलं. बाबाही हसले. "बघा, पगार न घेता काम करतोय." तेवढ्यात पडद्यावरचे बाबा कोणावर तरी ओरडले, इतक्या करड्या आवाजात की तो मी जन्मात ऐकला नव्हता, आणि त्यांची मूठ शेजारच्या रिकाम्या जागेवर आदळली. पुन्हा. पुन्हा. जिथे आई झोपते त्या बाजूला.

आई पुटपुटली, "एवढ्या जोरात?"

पडद्यावर तंत्रज्ञ मुलगी आत येऊन त्यांना हाक मारत होती, ते एका हाकेत जागे होऊन तिची माफी मागत होते.

झोपेच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी बरेच प्रश्न विचारले. मनासाठीच्या काही गोळ्या चालू आहेत का? नव्हत्या. घोरताना श्वास अडकतो का? ते तपासणीत बघितलं होतं, अडकत नव्हता. पोट साफ होतं का? बाबा लाजले, बरीच वर्षं तक्रार होती. मग त्यांनी विचारलं, "वास येतो का नीट?"

बाबा म्हणाले, "येतो की."

मी काही म्हणणार नव्हते. पण डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. भट्टी सोडण्याआधीच्या हिवाळ्यात एकदा लांबू धावत पुढे आला होता. मागे ट्रे करपून कोळसा झाले होते आणि बाबा त्यांच्याजवळच उभे राहून ब्रेडच्या पाकिटांवर चिठ्ठ्या लावत होते. आम्ही ते सर्दीवर ढकललं होतं. मी ते सांगितलं. बाबांनी चकित होऊन माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. तसा बऱ्याच दिवसांत नाही आला."

ज्या माणसाचं सगळं आयुष्य वासावर चाललं, त्याचा वास कधी गेला ते त्यालाही कळलं नव्हतं. मीही त्यांना कधी सरळ विचारलं नव्हतं.

"भट्टी सोडली म्हणून हे झालं का?" आईनं विचारलं. ते तिच्या मनात कधीपासून होतं.

"नाही. ते आधीपासून हळूहळू सुरू झालेलं असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्वी ते पहाटेच्या आत उठायचे, म्हणजे स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा कापलाच जायचा. आता ती झोप पूर्ण मिळतेय, म्हणून दिसायला लागलं. आराम मिळाला तेव्हा उघड झालं, एवढंच." झोपायच्या आधी घ्यायची एक गोळी त्यांनी लिहून दिली. तिनं हे कमी होईल, कदाचित खूप कमी. पलंगाजवळ काच, टोकदार कोपऱ्यांचं फर्निचर काही ठेवू नका. काही दिवस वेगळं झोपा. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बाबांना विचारलं, "याच्या पुढचंही थोडं आहे. लगेच काही करायचं नाहीये. तुम्हाला ऐकायचंय, की आज नको?"

आई म्हणाली, "आज नको." बाबा म्हणाले, "सांगा."

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. हातापायांना निरोप देणारा मेंदूचा जो भाग आहे, तिथे कधी कधी एका आजाराची सुरुवात होते. झोप आधी बिघडते, वास आधी जातो, आणि बऱ्याच वर्षांनी हालचाली मंदावतात, हात थरथरतो. कंपवात किंवा त्याच्यासारखं काही. असं स्वप्नात हातपाय मारणाऱ्या बहुतेकांना पुढे कधीतरी ते होतं. सगळ्यांना नाही. कधी होईल, ते सांगता येत नाही.

"आणि ते होऊ नये म्हणून काय करायचं?" बाबांनी विचारलं. असं विचारलं, जणू पिठात काय कमी पडलंय ते त्या सांगतील आणि ते घालतील.

"व्यायाम करा, रोज चाला, त्याचा फायदा होतो. पण नक्की थांबवेल असं औषध आज आमच्याकडे नाही."

बाबांनी मान हलवली. उठताना त्यांनी सवयीनं खुर्ची टेबलाखाली सरकवली, नीट.

घरी आल्यावर आईनं पहिल्यांदा काय केलं, तर कपाटावरचा आरसा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग पलंग विकला आणि जमिनीवर दोन गाद्या टाकल्या, खोलीच्या दोन टोकांना. मधे उशा रचल्या. बाबा म्हणाले, "सीमेवर पहारा कोण देणार?" ती म्हणाली, "मीच. तुम्ही झोपा." गोळीनं फरक पडला. ओरडणं मधूनमधून राहिलं, पण मुठी उठणं जवळजवळ थांबलं. बाबा रोज चालायला जाऊ लागले. परत येताना उधारी बुडवणारा भेटला तर अजूनही मान खाली घालायचे.

वरवर सगळं ठीक होतं. आणि तेच फार कठीण होतं. एखादं दुखणं समोर असतं तर त्याच्याशी काहीतरी करता आलं असतं. आमच्यासमोर काहीच नव्हतं. बाबांनी चमचा उचलला की आईची नजर चमच्यावर जायची. त्यांनी दुकानात कोणाला सुटे पैसे दिले की मी त्यांची बोटं बघायचे. आम्ही बघतोय हे त्यांना कळायचं आणि ते हात खिशात घालायचे. एकदा चिडून म्हणाले, "मी जेवू का नको? जेवतानासुद्धा तपासणी!" मग लगेच त्यांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी आईला आणखी एक घास वाढून घ्यायला लावला.

एका दुपारी दुकान बंद असताना त्यांनी मला विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईंना 'आज नको' म्हटलं असतं तर बरं झालं असतं का गं?"

मी म्हणाले, "माहीत नाही, बाबा."

"मलाही नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? स्वप्नात मी तिला वाचवत असतो. दर वेळी. कुत्रा असो, चोर असो, मी मधे उभा राहतो. एवढा धीट मी जागेपणी कधी नव्हतो. आणि बाहेर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि काउंटर पुसायला घेतला. तो मी नुकताच पुसला होता.

अशीच काही वर्षं गेली. मग लांबूच्या मुलीच्या लग्नाला आम्ही तिघं निघालो. बाबा आमच्या पुढे चालत होते, नवीन सदरा घालून. त्यांचा उजवा हात नेहमीसारखा मागेपुढे होत होता. डावा हात बाजूला नुसता लोंबत होता. हलतच नव्हता. मी आईकडे बघितलं. तिनं आधीच बघितलं होतं. लग्नात आम्ही दोघी लांबूच्या लेकीला बघून रडलो. लांबूला वाटलं, केवढी माया आहे या दोघींची. मायाही होतीच.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालून दाखवायला सांगितलं, बोटं एकमेकांवर भराभर टेकवायला लावली, एक ओळ लिहायला लावली. अक्षर शेवटाकडे बारीक होत गेलं. कंपवात आहे हे तोंडानं सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं. औषधं आहेत, हालचालींना खूप फरक पडतो, चांगली वर्षं मिळतात. बाबा सगळं लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आता निदान वाट बघायला नको." हे त्यांनी आम्हाला धीर देण्यासाठी म्हटलं की खरंच म्हटलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ते सकाळी खाली येऊन दुकानात खुर्चीवर बसतात. पीठ मळायला हातांचा जोर पुरत नाही. कधी मी गोळा त्यांच्यासमोर ठेवते, ते त्यावर बोट दाबून बघतात आणि मान हलवून हो किंवा अजून नाही सांगतात. लांबू त्यांच्या 'हो'शिवाय ट्रे आत सारत नाही. वास येत नाही, पण बोटाला अजून कळतं.

संध्याकाळी आम्ही तिघं चालायला जातो. त्यांची पावलं लहान झाली आहेत, त्यामुळे आई आणि मी न बोलता आमचीही लहान करतो, म्हणजे त्यांना मागे पडल्यासारखं वाटू नये. काल कोपऱ्यावर ते थांबले आणि वैतागून म्हणाले, "तुम्ही दोघी एवढ्या हळू का चालताय? घरी जायला अंधार करणार का?"

आई म्हणाली, "माझे गुडघे दुखतात हो."

"मग धर माझा हात," बाबा म्हणाले. आणि तिनं धरला.